गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना अंडाशयात सिस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोळ्या घेणाऱ्या बाईच्या सोनोग्राफीत सिस्ट दिसली की ती जवळजवळ नेहमी दोन गोष्टी विचारते: 'गोळी चालू असताना हे झालंच कसं?' आणि 'आता परत सोनोग्राफी कधी करायची?' दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. गोळी कोणती होती आणि ती कशी घेतली गेली, यावरच सिस्टचा अर्थ ठरतो. हा तपशील रिपोर्टमध्ये क्वचितच लिहिलेला असतो, म्हणून इथे सुरुवात तिथूनच केली आहे.

फंक्शनल सिस्ट म्हणजे नक्की काय?

दर महिन्याला अंडाशयात एक फॉलिकल, म्हणजे पाण्याने भरलेली छोटी पिशवी, वाढते. साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरची झाली की ती फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. उरलेल्या आवरणाचा पीतपिंड होतो. पुढचे दोन आठवडे तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो आणि मग आक्रसून जातो.

या क्रमात दोन ठिकाणी गाडी अडकते. फॉलिकल फुटलंच नाही आणि वाढत राहिलं, तर फॉलिक्युलर सिस्ट होते. पीतपिंड आक्रसण्याऐवजी फुगला किंवा त्यात रक्त साचलं, तर कॉर्पस ल्युटियम सिस्ट किंवा हिमोरेजिक सिस्ट होते. दोन्ही म्हणजे अंडाशयाच्या नेहमीच्या कामातून उरलेलं सामान आहे. त्यात नवीन, वाढत जाणारी पेशींची गाठ नसते, म्हणून त्या काही आठवड्यांत आपोआप विरतात. हे विरणं हीच त्यांची खरी ओळख आहे, आणि पुढची जवळजवळ सगळी चर्चा त्याभोवती फिरते.

गोळीने अंडाशय 'झोपतं' ना? मग सिस्ट कशी झाली?

ते कोणत्या गोळीने किती झोपतं, यात बराच फरक आहे.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेली संयुक्त गोळी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचे एफएसएच आणि एलएच हे संदेश दाबून धरते. एफएसएच कमी, म्हणून फॉलिकल वाढत नाही. एलएचची उसळी नाही, म्हणून स्त्रीबीज बाहेर पडत नाही. नियमित घेतली तर या गोळीवर फंक्शनल सिस्ट कमीच होतात. पण जुन्या काळच्या ५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळ्या फॉलिकल जितक्या घट्ट दाबत, तितक्या आजच्या २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या दाबत नाहीत. स्त्रीबीज बाहेर पडू न देण्याचं काम त्या नीट करतात, तरी एखादं फॉलिकल थोडं वाढू शकतं.

यातली सगळ्यांत कच्ची जागा म्हणजे सात दिवसांची सुट्टी. २१ गोळ्या संपल्या की एफएसएच पुन्हा वर यायला लागतं आणि सुट्टीच्या शेवटापर्यंत काही बायकांत चांगल्या आकाराचं फॉलिकल तयार असतं. सातव्या दिवसानंतर लगेच नवी स्ट्रिप सुरू केली तर ते तिथेच थांबतं. दोन दिवस उशीर झाला तर त्याला पुढे सरकायला मोकळीक मिळते. म्हणून स्ट्रिपच्या मधली एखादी गोळी चुकण्यापेक्षा सुरुवातीच्या किंवा शेवटच्या गोळ्या चुकणं जास्त महाग पडतं, कारण त्यामुळे सुट्टीच लांबते.

मी मिनी पिल घेते, म्हणजे फक्त प्रोजेस्टिनची गोळी. तेच लागू होतं का?

नाही, इथे गणित वेगळं आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल किंवा नॉरइथिस्टेरॉनच्या कमी मात्रेच्या जुन्या मिनी पिल मुख्यतः गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट करून काम करतात. स्त्रीबीज बाहेर पडणं त्या जवळपास निम्म्याच चक्रांत थांबवतात. बाकीच्या चक्रांत अंडाशय काम करतं, पण अर्धवट दबलेल्या अवस्थेत, आणि अशा अवस्थेत फॉलिकल न फुटता रेंगाळण्याची शक्यता वाढते. या गोळ्यांवर तीन-चार सेंटिमीटरची साधी सिस्ट दिसली तर मला त्यात नवल वाटत नाही.

७५ मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेलची मिनी पिल बहुतेक सगळ्या चक्रांत स्त्रीबीज थांबवते, तरी फॉलिकलची वाढ ती पूर्ण बंद करत नाही. म्हणून 'मी मिनी पिल घेते' एवढं सांगून भागत नाही. स्ट्रिपवरचं औषधाचं नाव सांगा, जमलं तर स्ट्रिपच सोबत न्या.

वेळेचं बंधनही वेगवेगळं आहे. जुन्या मिनी पिलला तीन तासांहून जास्त उशीर झाला की ती चुकली असं धरतात. डेसोजेस्ट्रेलला बारा तासांची मुभा असते.

एखादं उदाहरण देऊन सांगाल का?

तपशील असे धरू. वय २९. २० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची संयुक्त गोळी, २१ दिवस गोळी आणि सात दिवस सुट्टी, आठ महिने अगदी नियमित. मग प्रवासात नवी स्ट्रिप बरोबर नव्हती, म्हणून ती दोन दिवस उशिरा सुरू झाली. सुट्टी सातच्या जागी नऊ दिवसांची झाली. सोळाव्या गोळीच्या दिवशी उजव्या ओटीपोटात बोथट दुखायला लागलं. ताप नाही, उलटी नाही.

सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात ५.८ × ५.१ × ५.० सेंटिमीटरची सिस्ट. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, एका बाजूला आक्रसलेली रक्ताची गुठळी, आणि डॉप्लरवर आतल्या भागात कुठेही रक्तप्रवाह नाही. पोटात मोकळं रक्त साचलेलं नाही. हे हिमोरेजिक सिस्टचं नेहमीचं चित्र आहे.

आता दिवस मोजून बघा. शेवटच्या गोळीपासून दुखायला लागेपर्यंत पंचवीस दिवस. लांबलेल्या सुट्टीत फॉलिकल वाढलं आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या तरी ते फुटलं. गोळ्यांचा दाब पुरता बसायला सलग सात गोळ्या लागतात. त्यातून पीतपिंड झाला आणि त्यात रक्तस्राव झाला. गोष्ट नीट जुळते.

पण जी चूक सिस्टला कारणीभूत ठरली, तिच्यामुळे गर्भही राहू शकतो. म्हणून इथे पहिली तपासणी गर्भधारणेची. गोळी चुकलेल्या बाईला एका बाजूने दुखत असताना केवळ 'सिस्ट आहे' म्हणून थांबणं धोक्याचं आहे, कारण गर्भनलिकेत राहिलेला गर्भही असाच दुखतो आणि त्या वेळी अंडाशयात पीतपिंडाची सिस्टही असू शकते. लघवीची चाचणी नकारात्मक आली. दिवस अजून अलीकडचे होते, म्हणून आठवड्याने ती पुन्हा केली, तीही नकारात्मक.

दुखणं साध्या वेदनाशामकावर चार दिवसांत उतरलं. गोळ्या चालूच ठेवल्या. सिस्ट पाच सेंटिमीटरच्या वर असल्याने नऊ आठवड्यांनी दुसरी सोनोग्राफी केली. उजव्या अंडाशयात एक सेंटिमीटरच्या आतली दोन-तीन फॉलिकल, बाकी काही नाही. विषय तिथे संपला. तिसरी सोनोग्राफी लागली नाही.

आणि एकही गोळी चुकली नसती तर?

तर हेच चित्र मी जास्त बारकाईने पाहिलं असतं. स्त्रीबीज बाहेर पडल्याशिवाय पीतपिंड होत नाही. सहा महिने काटेकोर संयुक्त गोळी घेतलेल्या बाईच्या रिपोर्टवर 'हिमोरेजिक सिस्ट' आलं, तर मनात दोन प्रश्न येतात. गोळी खरोखर अंगी लागत होती का? उलट्या-जुलाब, फिट्सची काही औषधं किंवा रिफॅम्पिसिन यांनी तिचा परिणाम कमी होतो. आणि दुसरा, ही चॉकलेट सिस्ट तर नाही? गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं त्या एंडोमेट्रिऑसिस या आजारातल्या या सिस्टमध्ये जुनं रक्त असतं. तिच्या आतला भाग दुधी काचेसारखा एकसारखा धूसर दिसतो, जाळी नसते. पहिल्या सोनोग्राफीत या दोघींची गल्लत सहज होते. आठ ते बारा आठवड्यांनी हिमोरेजिक सिस्ट गेलेली असते, चॉकलेट सिस्ट तिथेच असते.

रिपोर्टमध्ये आकार महत्त्वाचा की वर्णन?

आधी वर्णन. आकाराचे आकडे वर्णन साधं असेल तरच लागू होतात.

'सिंपल सिस्ट' म्हणजे एकच कप्पा, पातळ गुळगुळीत भिंत, आत निव्वळ पाणी. पाळी चालू असलेल्या वयात अशा सिस्टमध्ये कर्करोग असण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. जाड किंवा पुष्कळ पडदे, भिंतीतून आत आलेले कोंब, घट्ट भाग आणि त्या घट्ट भागात रक्तप्रवाह, पोटात पाणी, यांपैकी काही लिहिलं असेल तर 'तीन महिन्यांनी बघू' हे उत्तर पुरेसं नाही. अशा सिस्टसाठी अनुभवी सोनोलॉजिस्टचं दुसरं मत किंवा एमआरआय, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट, हे आत्ताच व्हायला हवं. मग ती तीनच सेंटिमीटरची का असेना.

मग साध्या सिस्टसाठी पुन्हा सोनोग्राफी कधी?

पाळी चालू असलेल्या बाईत तीन सेंटिमीटरपर्यंतची साधी सिस्ट म्हणजे फॉलिकलच. तिला सिस्ट म्हणूही नये असं माझं ठाम मत आहे. रिपोर्टवर तो शब्द आला की महिनोन् महिने झोप उडालेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

तीन ते पाच सेंटिमीटरच्या साध्या सिस्टला, त्रास नसेल तर, पुन्हा सोनोग्राफी लागत नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०११ची मार्गदर्शिका आणि अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीची ओ-रॅड्स ही सिस्टची वर्गवारी करणारी पद्धत, दोन्ही यावर एकमत आहेत.

पाचच्या वर मतं थोडी वेगळी आहेत. रॉयल कॉलेज पाच ते सात सेंटिमीटरसाठी वर्षाने सोनोग्राफी सांगतं आणि सातच्या वर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार, कारण एवढी मोठी सिस्ट सोनोग्राफीत पूर्ण नीट दिसेलच असं नाही. ओ-रॅड्सची २०२२ची आवृत्ती पाचच्या वर आणि दहाच्या आत असलेल्या साध्या सिस्टसाठी बारा महिन्यांनी सोनोग्राफी सांगते. हिमोरेजिक सिस्ट पाचच्या वर असेल तर मात्र दोन ते तीन महिन्यांनी, कारण तिथे प्रश्न निदान पक्कं करण्याचा असतो.

तीन मापांपैकी सर्वांत मोठं माप धरा आणि एकक नीट वाचा. ४८ मिलिमीटर म्हणजे ४.८ सेंटिमीटर. आकडा ४८ पाहून घाबरलेली माणसं नेहमी भेटतात.

दुसरी सोनोग्राफी दोन आठवड्यांनी करून टाकली तर लवकर कळणार नाही का?

कळणार नाही, उलट घोळ होईल. दोन आठवड्यांत फंक्शनल सिस्ट तेवढीच असू शकते, रक्त साचल्यामुळे थोडी मोठीही दिसू शकते. मग 'वाढतेय' असा शेरा येतो आणि विनाकारण शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते. निदान पक्कं करण्यासाठी आठ ते बारा आठवडे, म्हणजे गोळीच्या दोन ते तीन स्ट्रिप, ही मुदत ठरण्याचं कारण हेच, की तेवढ्यात जाणारी सिस्ट गेलेली असते.

शक्यतो सुट्टीतल्या रक्तस्रावानंतर, नव्या स्ट्रिपच्या पहिल्या आठवड्यात तपासणी करा. मिनी पिलवर पाळीचा ठरलेला दिवस नसतो, तिथे आठवडे मोजून जा. आणि पहिली सोनोग्राफी योनिमार्गातून झाली असेल तर दुसरीही तशीच करा. एक पोटावरून, एक आतून, अशा दोन मापांची तुलना फसवी असते.

दुसऱ्या वेळीही सिस्ट तशीच आहे. म्हणजे काय?

म्हणजे ती बहुधा फंक्शनल नाही. याचा अर्थ ती वाईट आहे असा मुळीच नाही. चॉकलेट सिस्ट, केस-चरबी असलेली डरमॉइड, सिस्टॅडिनोमा ही कर्करोग नसलेली गाठ किंवा अंडाशयाला चिकटून असलेली पॅराओव्हेरियन सिस्ट, यांपैकी काही असू शकतं. यांतली कुठलीच गोळीच्या दाबाने किंवा पाळीच्या चक्राने येत-जात नाही. पॅराओव्हेरियन सिस्ट हे मला वारंवार भेटणारं कोडं आहे. ती अंडाशयाच्या बाहेर असते, वर्षानुवर्षं त्याच मापाची राहते, आणि कुणी ती अंडाशयापासून वेगळी सरकते का हे प्रोबने दाबून पाहिलेलं नसतं. बाईला मात्र 'न विरघळणारी सिस्ट' म्हणून औषधांचे कोर्स चालू असतात.

मिनी पिलवर एक अपवाद लक्षात ठेवा. जुनी सिस्ट गेली आणि दुसरी नवी आली, असं तिथे होऊ शकतं. बाजू बदलली असेल, किंवा माप आणि आतलं रूप वेगळं असेल, तर ती नवीन असण्याची शक्यता जास्त.

सिस्ट विरघळवण्यासाठी गोळ्यांचा कोर्स दिला आहे. घेऊ का?

आधीच झालेली फंक्शनल सिस्ट गोळ्यांनी लवकर जात नाही. यावरच्या चाचण्यांचा कोक्रेन आढावा अनेकदा अद्ययावत झाला आणि निष्कर्ष तोच राहिला: गोळी दिली काय, न दिली काय, सिस्ट साधारण त्याच वेळात जातात. कोर्सनंतर सिस्ट गेली की श्रेय गोळीला मिळतं, पण ती तशीही जाणारच होती. वारंवार अशा सिस्ट होणाऱ्या बाईत पुढच्या टाळण्यासाठी संयुक्त गोळीचा विचार होतो. तो मुद्दा वेगळा.

सुईने पाणी काढणंही सहसा कामाचं नाही. सिस्ट पुन्हा भरते. आणि शस्त्रक्रियेत सिस्टबरोबर अंडाशयाचा चांगला भाग थोडा तरी जातो. जी गोष्ट दोन महिन्यांत आपोआप जाईल तिच्यासाठी तो देऊ नये.

चालू असलेली गोळी बंद करू का?

सिस्टमुळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत साध्या सिस्ट असलेल्या बाईला संयुक्त गोळी आणि मिनी पिल दोन्ही पहिल्या वर्गात, म्हणजे कोणत्याही बंधनाशिवाय चालतात. स्ट्रिप अर्ध्यावर सोडली तर एफएसएच वर येईल आणि आणखी एक फॉलिकल कामाला लागेल. मिनी पिलवर पुन्हा पुन्हा दुखऱ्या सिस्ट होत असतील तर गोळी बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. पण मायग्रेनमध्ये डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येणं, रक्तदाब, पस्तिशीनंतर धूम्रपान, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास यांमुळे तुम्हाला संयुक्त गोळी मुद्दाम दिलेली नसेल, तर सिस्ट हे ती घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

सीए-१२५ची रक्तचाचणी करू का?

अंडाशयाच्या कर्करोगाची शंका असेल तेव्हा ही चाचणी करतात. साधी सिस्ट असेल आणि पाळी चालू असेल तर नको. पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, ओटीपोटाच्या संसर्गात हा आकडा वाढतो, आणि वाढलेला आकडा हातात आला की त्यामागे धावणं सुरू होतं. घट्ट भाग असलेली सिस्ट असेल तर कोणत्या चाचण्या करायच्या ते तज्ज्ञ ठरवतील.

हे पीसीओडी आहे का?

नाही. पीसीओडीत पाच-सात मिलिमीटरची बरीच छोटी फॉलिकल असतात. एखादी मोठी सिस्ट असणं म्हणजे पीसीओडी नव्हे.

कधी पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जायचं?

एका बाजूला अचानक, श्वास अडकेल असं दुखणं आणि बरोबर उलट्या, हे अंडाशयाला पीळ बसल्याचं लक्षण असू शकतं. पाच सेंटिमीटरच्या वरच्या सिस्टमध्ये ही शक्यता जास्त. दुखणं मधेच ओसरलं तरी फसू नका, पीळ सुटतो आणि पुन्हा बसतो. डॉप्लरवर रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असंही म्हणता येत नाही. इथे अंडाशय वाचण्याचा हिशेब तासांचा असतो.

संबंधांनंतर किंवा जोराच्या हालचालीनंतर एकदम दुखून मग हळूहळू कमी झालं, तर सिस्ट फुटली असेल. बहुतेक वेळा ते घरीच शमतं. पण चक्कर, घाम, खांद्याच्या टोकाला दुखणं, पोट ताठ होणं ही आत रक्त साचल्याची चिन्हं आहेत. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या बाईने तर थोड्या दुखण्यालाही थांबू नये. ताप आला किंवा गर्भधारणेची चाचणी सकारात्मक आली, तरी त्याच दिवशी जा.

माझं वय ४९ आहे, गोळीवर महिन्याला रक्तस्राव होतो. मलाही हेच आकडे लागू?

सरळसरळ नाही. संयुक्त गोळीच्या सुट्टीतला रक्तस्राव ही गोळीने आणलेली पाळी असते; तिच्यामागे रजोनिवृत्ती होऊन गेलेली असू शकते. पाळी गेल्यावर मर्यादा कडक असतात. तीन सेंटिमीटरच्या वरची साधी सिस्टही तेव्हा पाठपुराव्यात घेतली जाते, आणि हिमोरेजिक सिस्ट तर त्या वयात अपेक्षितच नसते. सोनोग्राफी करणाऱ्याला वय आणि गोळी दोन्ही आधी सांगा.

दुसऱ्या सोनोग्राफीला जाताना काय न्यायचं?

पहिल्या तपासणीचा फक्त रिपोर्ट नाही, फिल्म किंवा चित्रंही. शब्दांपेक्षा चित्रांची तुलना खरी. गोळीची स्ट्रिप. आणि एका कागदावर चार तारखा: शेवटचा रक्तस्राव कधी सुरू झाला, सध्याची स्ट्रिप कधी सुरू केली, गोळ्या कोणत्या दिवशी चुकल्या, आणि दुखणं कधी झालं. वरच्या उदाहरणात सिस्टचं कारण अशाच तारखांतून सापडलं होतं.